एकदाच म्हटलेले शब्द

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, बुद्धी शाबूत आहे, वाचा तेवढी गेली आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बऱ्याच घरांत उलटं असतं."

वाचा अगदीच गेली नव्हती. दिवसाला पंधरा-वीस वेळा तोंड उघडायचं आणि दर वेळी एकच शब्द पडायचा. बहुतेक वेळा "चहा". त्याच्या खालोखाल "नको", ते तर औषधापासून उशीपर्यंत सगळ्यालाच. मग "बाळ", म्हणजे मुलगी. ही बाळ बेचाळीस वर्षांची होती आणि घरी बसून एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहायची.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांनी घरकाम दिलं: बाबा जो शब्द बोलतील तो वहीत लिहायचा, पुन्हा बोलले की पुढे एक रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. मग जास्त वेळा आलेला शब्द आधी, अशा क्रमाने चित्रांचा तक्ता करायचा. बाबांनी डाव्या हाताने चित्रावर बोट ठेवायचं.

बाबांनी चाळीस वर्षं गोदामात माल मोजला होता. पाचाची जुडी पाहून त्यांचा चेहरा खुलला. रेघ वाकडी पडली तर मात्र "नको" यायचं.

मुलीने छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि तक्ता छापला. बाईंनी तो पाहून कपाळाला हात लावला.

"सारख्या वेळा आलेले शब्द कसे लावलेत?"

"अकारविल्हे."

"हा पेशंट आहे हो, शब्दकोश नाही. नवा शब्द मध्येच घुसतो, बाकीच्यांना ढकलतो, आणि यांचं बोट चष्म्याऐवजी पंख्यावर पडतं. बरोबरी झाली तर जो आधी बोलला गेला तो आधी. पाणी नऊ वेळा, पंखाही नऊ वेळा. पाणी आधी मागितलं होतं, म्हणून पाणी वर. नवा शब्द सगळ्यांत शेवटी येऊन बसेल, कुणाला धक्का नाही."

"म्हणजे रांगेतल्यासारखं."

"माणसं रांगेत इतकी नीट वागत नाहीत," बाई म्हणाल्या आणि छत्री विसरून गेल्या.

मुलीने प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली आणि यादी पुन्हा काढली. चहा, नको, बाळ, पाणी, पंखा, चष्मा. शेवटी एकदाच बोललेले शब्द होते, एकूण सहा. जुन्या यादीत ते होते: आली, उघडायचं, तर, ती, दार, नाही. म्हणजे शब्दांचा पसारा. आता ते ज्या क्रमाने तोंडातून निघाले त्या क्रमाने उभे होते:

ती. आली. तर. दार. उघडायचं. नाही.

तिने ते एकदा वाचलं. मग उठून दिवाणखान्यातला दिवा लावला. भर दुपार होती.

वहीत तारखा होत्या. सहा शब्द, सहा दिवस, रोज एक. वेळही तिने लिहून ठेवली होती, कारण बाईंनी सांगितलं होतं. दर वेळी चार वाजता. मध्ये चहा, पाणी, नको यांची गर्दी होती म्हणून तिच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवशी चार वाजता दारावर टकटक झाली. तीनदा, धातूची.

आईला बेलचा राग होता. किल्ल्यांचा जुडगा दारावर आपटायची, तीनदा. आणि आत आल्यावर बाबांनी पहिला शब्द "चहा" काढला की म्हणायची, "तुमचं आयुष्यभर आधी चहा, मग मी." आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

मुलीने दाराच्या भिंगातून पाहिलं. जिना रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चार, पुन्हा तीन. तिने दार उघडलं नाही. मग ती कुणालाच उघडेना. काकूंनी वाटीतली साखर परत आणली, ती त्यांना दाराबाहेरच ठेवायला सांगितली. "साखरेला मुंग्या लागतील, माणसाला लागत नाहीत," काकू बाहेरून ओरडल्या. तिला एवढंच कळत होतं की दार बंद आहे तोवर बाबा घरात आहेत.

चार दिवसांनी टकटक चालू असतानाच तिने त्यांचा हात धरला. "बाबा, भीती वाटते का हो?"

बाबांनी दाराकडे पाहिलं. जोर लावला. "नाही."

तिचं पेन वहीवर थांबलं. "नाही" दोनदा झालं की ते शेवटून उठून दोनवाल्यांत जाऊन बसणार. मागे उरणार: ती आली तर दार उघडायचं.

तिने रेघ ओढली नाही. वही मिटली.

"नको," बाबा म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने वही ओढली, पान शोधलं, पेन मुठीत धरलं आणि "नाही"पुढे दुसरी रेघ ओढली. सरळ, गोदामातल्यासारखी. मोजणीत खोटेपणा त्यांनी मालकाचाही चालवून घेतला नव्हता.

टकटक थांबली नव्हती. तीन, मग थोडं थांबून तीन.

मुलीने जाऊन दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. पायपुसणं तेवढं एका कोपऱ्यात दबलं आणि पुन्हा वर आलं.

मागून बाबांचा आवाज आला. त्यात अडखळणं नव्हतं.

"अगं!"

हा शब्द वहीत नव्हता. मुलीला ते कधीच असं म्हणत नसत. घरात तो एकाच माणसासाठी होता. तिने लिहिला. एक रेघ. यादीत तो शेवटी गेला, बाईंच्या नियमाप्रमाणे: ती आली तर दार उघडायचं, अगं.

त्यानंतर बाबांनी चहा मागणं सोडलं. "चहा" एक्केचाळीसवर थांबला. "अगं" मात्र वाढत गेला. ते रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणायचे, कधी हसून, कधी कुरकुरत. बाईंना आनंद झाला. "झपाट्याने वर चढतोय हा शब्द! यांना जवळचं कोण आहे?"

"आहे," मुलगी म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी "अगं" एक्केचाळीस झाला. तिने यादी काढली. बरोबरी, पण चहा आधी बोलला गेला होता, म्हणून चहा पहिला, अगं दुसरा. मुलीला हसू आलं. तिने बाबांना तक्ता दाखवला. तेही हसले, खुर्चीकडे चोरून पाहत. दुपारी ते झोपले, ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळं आटोपून माणसं गेली. मुलगी वही घेऊन बसली होती. चार वाजले.

टकटक झाली, तीनदा. ती दाराशी गेली तेव्हा कळलं की आवाज बाहेरून येत नव्हता. दाराच्या आतल्या बाजूवर, तिच्या खांद्याशी, कुणीतरी किल्ल्या आपटत होतं.

तिने कडी काढली आणि बाजूला झाली. तिच्या दंडाला गार झुळूक लागली, आधी एक, मग आणखी एक. जिन्याच्या वळणावरून बाबांचा आवाज आला, खाली जाता जाता:

"अगं, हळू."

तिने दार लोटलं आणि उभ्याउभ्याच वही उघडली. "हळू" सगळ्यांत शेवटी, एक रेघ. "अगं"पुढे बेचाळिसावी. मग यादी काढली.

चहा दुसरा आला होता.