मामांच्या होकाराची वाट

"पुल रिक्वेस्ट या महिन्यात एवढ्या का तुंबल्यात? मला कळेल असं एका पानात लिहून द्या," मॅनेजरबाई म्हणाल्या. "ती नवी मुलगीच संथ दिसतेय. तसं असेल तर तिला नारळ देऊ."

नवी मुलगी म्हणजे आमची चिमणी. टीममध्ये तिच्याइतकं काम कोणीच उपसत नव्हतं. मला संताप आला, पण मी तो गिळला आणि लिहायला बसले.

'कोणी प्रोग्रॅममध्ये बदल केला तर तो लगेच लागू होत नाही. हे तपासा आणि चालेल का सांगा, अशी विनंती आधी टाकावी लागते. तीच पुल रिक्वेस्ट. बिलांच्या भागातल्या प्रत्येक विनंतीला मामांचा होकार लागतो, असा नियम यंत्रातच घातलेला आहे. या महिन्यात चिमणीचं सगळं काम बिलांवरच आहे.'

इथे हात अडखळला. मामा, आमचे सगळ्यात जुने प्रोग्रॅमर, गेल्या महिन्यात वारले. त्यांचं खातं मात्र कोणी बंद केलं नव्हतं. यंत्र रोज सकाळी इमानेइतबारे कळवायचं, 'मामांच्या होकाराची वाट पाहत आहे.' नियमातून त्यांचं नाव काढायला कोणाचाच हात धजला नाही. मी टीमची प्रमुख, माझाही नाही.

तेही लिहिलं.

बाईंनी पान वाचून टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "काढा नाव. त्यात काय एवढं?"

"तो नियमही मामांच्याच ताब्यात आहे. नाव काढायची विनंतीसुद्धा त्यांच्याकडेच जाते. सिस्टिमवाला नियम डावलू शकतो, पण तुमची लेखी परवानगी हवी."

बाईंनी तिथेच दोन ओळींची मेल केली. चिमणीला नारळ द्यायचा विषयही पुन्हा काढला नाही.

जागेवर येऊन मी सिस्टिमवाल्याला बोलावलं, मामांचं नाव काढायची विनंती टाकली आणि सवयीने चॅटवर मामांना उल्लेखून लिंक पाठवली. दवाखान्यात जाताना त्यांनी लावून ठेवलेलं उत्तर लगेच आलं, 'आज जमणार नाही. उद्या नक्की बघतो.'

सिस्टिमवाला नियम डावलायच्या बटणावर बोट ठेवून थांबला. चिमणी माझ्या खुर्चीमागे उभी होती.

"ताई, उद्यापर्यंत थांबायचं का?" ती हळूच म्हणाली.

तिला माहीत होतं, तिची नोकरी त्याच बटणात अडकली होती. तरी तिने विचारलं. माझे डोळे भरून आले.

"नको," मी म्हणाले. "दाबा."

त्याने दाबलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघा-तिघांनी तुंबलेलं सगळं तपासून मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राचा निरोप आला नाही. मामांच्या रिकाम्या खुर्चीकडे त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट बघितलं.