दोन रकान्यांत एकच वजन

"कोणाला खरं वाटणार नाही, पण एकदा मी धावत्या बसला पायी मागे टाकलं होतं. तेही नर्सच्या पांढऱ्या बुटांत."

लेक खाटेवर बाळाला पाजत बसली होती. तिने मान वर केली नाही. "आई, विषय बदलू नकोस. त्या पोरीला सगळ्या वॉर्डासमोर एवढं बोलायची काय गरज होती? रडकुंडीला आली बिचारी."

बोलले होते खरी. आम्ही घरी निघायच्या तयारीत, आणि नवख्या सिस्टरने नातवाचं डिस्चार्ज कार्ड आणून दिलं. जन्माचं वजन दोन किलो आठशे पन्नास. आजचं वजन, तिसऱ्या दिवशी, तेही दोन किलो आठशे पन्नास. बाळं पहिले काही दिवस थोडी उतरतातच. आमचं तेवढं ग्रॅमभर हललं नाही म्हणे. "डिलिव्हरीच्या नोंदी काढ आणि त्यात बघून लिही," असं मी तिला जरा खणखणीत सांगितलं. 'जरा' हा शब्द माझा.

"विषय तोच आहे," मी म्हटलं. फाइलमधले सुटे कागद मी एकसारखे करायला घेतले, टाचणी ओठांच्या एका कोपऱ्यात धरली आणि उरलेल्या कोपऱ्यातून बोलू लागले.

"आमच्या वॉर्डात एक सिस्टर होती. सगळे तिला टाचणीबाई म्हणायचे. हुशार, पण घाई फार. एका दुपारी सहा जणींना घरी सोडायचं होतं. सहा नंबरच्या खाटेवरच्या तान्ह्या मुलीच्या नोंदींवर औषधाचा डाग पडलेला, जन्माचं वजन नीट दिसेना. प्रसूतीच्या खोलीत जाऊन रजिस्टर बघायचं, चाळीस पावलं! बाईंनी सकाळचं वजनच कार्डाच्या दोन्ही रकान्यांत लिहिलं. दूध? 'नीट ओढते', हे आधीच्या कार्डावरून. लशींचं मात्र चोख. बीसीजी, पोलिओचे थेंब, काविळीची लस, पुढची तारीख दीड महिन्यांनी. मागे धोक्याच्या खुणा छापलेल्या होत्या, त्या वाचून दाखवायच्या राहिल्या."

"आणि मग?"

"मग मी रजिस्टर उघडलं. जन्माचं वजन तीन किलो शंभर! सकाळचं दोन सातशे पन्नास. दहावा भाग उतरला तरी डॉक्टरांना दाखवायचं असतं, इथे त्याहून जास्त गेलेलं. आणि पोर तर घरी निघालेली. धावले! बस मागे, कुत्री मागे, एक सायकलवाला तर लाजून खाली उतरला."

"सायकलवाला."

"शपथ! घरात शिरले तर आजी कौतुकाने सांगतेय, 'गुणाची आहे हो, सकाळपासून रडली नाही, उठवलं तरी दूध मागत नाही.' दुपटं पाहिलं, कोरडं ठणठणीत. पोर नुसती मलूल पडलेली. त्या खुणा वाचून दाखवल्या असत्या, तर ती आजी कौतुक करत बसली असती का? मी तशीच तिला उचलून परत आणलं. आईचं दूध काढून वाटी-चमच्याने पाजलं, दर दोन तासांनी उठवलं, अंगावर कसं धरायचं ते आईला नीट शिकवलं. चौथ्या दिवशी वजन चढलं. पोरीने मला सलाम ठोकला, तोही उजव्या हाताने."

लेक हसली. मला हसू आलं नाही.

"पोरीच्या आईने माझे हात धरले. म्हणाली, 'तुम्ही देवासारख्या धावून आलात.' आणि टाचणीबाई तिथेच उभी होती. खाली मान घालून. ते कार्ड कोणी लिहिलं, हे त्या आईला कधी कळलंच नाही."

तेवढ्यात नवखी सिस्टर कार्ड घेऊन आली. डोळे लाल. "मावशी, चुकलंच माझं. जन्माचं वजन तीन किलो पन्नास आहे. दोनशे ग्रॅम उतरलंय, डॉक्टर म्हणाले चालेल. दूध पाजताना मी स्वतः बघून लिहिलं." मग तिने कार्ड उलटलं आणि लेकीला एकेक खूण वाचून दाखवली. दूध सोडलं, उठवूनही उठेना, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास भरभर चालला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, झटका आला, तर लगेच आणायचं. वेळ बघायची नाही.

मला तिला काहीतरी बरं बोलायचं होतं. पण ओठांत टाचणी होती. सिस्टर निघून गेली.

लेकीने बाळाला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं आणि कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "धावलीस ती तूच असशील. पण कार्ड लिहिणारीही तूच होतीस. आधी ती टाचणी तोंडातून काढ, आणि त्या सिस्टरला जाऊन सांग."