‘करण्यात आले’ म्हणजे कोणी केले?

शनिवारी सकाळी दहा वाजता माझे दीर लॅपटॉप काखेत मारून आले आणि म्हणाले, "वहिनी, फक्त शुद्धलेखन बघा." तेव्हाच मी त्यांना परत पाठवायला हवं होतं.

त्यांची नोकरी जाऊन आठ महिने झाले होते. कंपनीत कपात झाली, असं त्यांनी घरात सांगितलं होतं. आता एका मोठ्या हॉस्पिटलला प्रोजेक्ट मॅनेजर हवा होता. उमेदवार निवडून देणाऱ्या बाईंना त्यांची दोन पानांची ओळख दुपारपर्यंत पाठवायची होती, कारण साडेचारला यादी बंद होणार होती. या आठ महिन्यांत इतक्या जवळ आलेली ही एकच जागा. माझं म्हणाल तर एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी एकोणीस वर्षं काढली. काम मागायला येणाऱ्यांचे असले कागद वाचून वाचून माझे डोळे गेलेत.

पहिलंच वाक्य असं: ‘हायब्रिड मेथडॉलॉजीच्या माध्यमातून भागधारकांचे संरेखन साधून मूल्याधारित वितरण करण्यात आले.’

"भावजी, हे काय आहे?"

"माझं काम."

"कोणतं काम? पूल बांधलात, लग्न लावलंत की पापड लाटलेत? काहीच कळत नाही यातून."

"वाचणाऱ्याला कळतं, वहिनी. ही आमच्या क्षेत्राची भाषा आहे."

कळत नाही हो. वाचणाऱ्याला काही कळत नाही. मी वाचणारी आहे, मला माहीत आहे. पण भावजींना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चहा झाला, दुसरा चहा झाला, आणि दर वाक्याला मी एकच विचारत राहिले, "म्हणजे काय केलं?" शेवटी ते वैतागून म्हणाले, "हॉस्पिटलच्या लॅबचं सगळं कामकाज नव्या सिस्टिमवर नेलं. यंत्रं आणि वायरिंग आधी ठरवलेल्या टप्प्यांनी केलं, कारण भिंत दोनदा फोडता येत नाही. रिपोर्टचे स्क्रीन मात्र दर दोन आठवड्यांनी लॅबच्या लोकांना दाखवत, सुधारत गेलो. झालं समाधान?"

झालं. दोन पद्धतींची ही सरमिसळ, हेच ते हायब्रिड होतं. मी तसंच टाइप करायला घेतलं तर म्हणतात, "असं नका लिहू, फार साधं वाटतं."

मग प्रोजेक्ट मॅनेजरचं प्रमाणपत्र. पानाच्या डोक्यावर त्याचं बशीएवढं चिन्ह डकवलेलं, आणि नंबर, मुदत कशाचाही पत्ता नाही. मी विचारलं तर त्यांनी अर्धा तास मेल धुंडाळली. दर तीन वर्षांनी साठ तासांचं शिक्षण दाखवून ते नवं करावं लागतं, आणि ते त्यांनी केलेलंही होतं. तेवढंच लिहायचं सोडून बशी. मी बशी काढली आणि शेवटी एक ओळ टाकली: नंबर, आणि पुढच्या मार्चपर्यंत वैध. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांचे दागिने उतरवले.

आमचे हे पेपरमागून म्हणाले, "अगं, त्याला लहानपणी निबंधातसुद्धा पंधरापैकी सहा मिळायचे."

"तुम्ही वाचा तुमचा पेपर," मी म्हटलं.

सगळ्या कागदात मला एकच ओळ मनापासून आवडली. ‘वेळापत्रक निर्देशांक १.००, खर्च निर्देशांक ०.९६.’ आकडे होते, एकदाचे. मी विचारलं, "एक म्हणजे अगदी वेळेवर?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एक म्हणजे ठरल्याप्रमाणे." खर्चाचं विचारलं. तिथे एकपेक्षा कमी म्हणजे खर्च जास्त; तो चार टक्के वाढला होता. चाचण्या वाढल्या म्हणून, मंजुरी घेऊन. ते मी साध्या शब्दांत लिहिलं. एकचा आकडा मात्र उचलून सगळ्यात वर ठेवला, ठळक केला, आणि पावणेतीनला मेल पाठवली. माझ्या मते काम फत्ते झालं होतं.

साडेतीनला त्या बाईंचा फोन आला. भावजींनी स्पीकरवर टाकला.

"पहिली ओळ बघून फोन केला," बाई म्हणाल्या. आवाज थकलेला होता. "हा १.०० काम संपल्यानंतरचाच आहे ना?"

"हो."

"ठरलेल्यापैकी किती काम झालं, त्याचा तो आकडा. काम संपलं की सगळं झालेलंच असतं. दोन वर्षं उशिरा संपलं तरी तो एकच येतो. हे तुम्हाला माहीत असणार."

मी भावजींकडे बघितलं. ते टेबलाकडे बघत होते. अख्ख्या पानातलं एकच वाक्य मी बिनातक्रार गिळलं होतं, आणि नेमकं तेच पोकळ निघालं. एकोणीस वर्षं पाण्यात गेली म्हणायची.

"मूळ तारखेपेक्षा किती उशीर झाला?" बाईंनी विचारलं.

"सात आठवडे."

"कोणामुळे?"

आता भावजी पुन्हा ते संरेखन काढणार, या भीतीने मी डोकं धरलं.

"मी थांबवलं," भावजी म्हणाले. "जुनी आणि नवी सिस्टिम आम्ही शेजारी शेजारी चालवून बघत होतो. दोनशे नमुन्यांत तीन रिपोर्ट भलत्याच पेशंटच्या नावावर गेले. जुन्या नोंदी आणताना नवी सिस्टिम पेशंटचा नंबर सोडून नाव जुळवत होती. सारख्या नावाची दोन माणसं आली की गोंधळ. वरून निरोप आला, सुरू करा, मग दुरुस्त करू. मी सही केली नाही. एकाचा रक्तगट दुसऱ्याला लागला असता, बाई. सगळ्या नोंदी नंबरने जुळवून घेतल्या, पुन्हा तपासल्या, मग सुरू केलं. त्यानंतर एकही रिपोर्ट चुकलेला नाही."

"मग हे का नाही लिहिलंत?"

"त्या सात आठवड्यांवरूनच मला काढलं."

आमच्या ह्यांचा पेपर खाली आला. आठ महिने हा माणूस आमच्यासमोर बसून जेवत होता आणि कपात, कपात म्हणत होता. मला इतका राग आला, आणि कोणावर तेच कळेना.

"हॉस्पिटलला हेच हवंय," बाई म्हणाल्या. "तुमचं नाव यादीत ठेवते. पण समितीपुढे कागद जातो, माणूस नाही. आत्ता जसं बोललात तसं लिहून साडेचारच्या आत पाठवा."

फोन बंद झाला. मी म्हटलं, "सकाळी दहापासून मी दुसरं काय विचारत होते?"

"तुम्ही घरच्या," ते म्हणाले. एवढंच.

त्यावर बोलायला वेळ नव्हता. मी लॅपटॉप ओढला, १.०० खोडला आणि धडाधड टाइप केलं. मूळ तारखेपेक्षा सात आठवडे उशिरा. चाचणीत दोनशेपैकी तीन रिपोर्ट चुकीच्या पेशंटच्या नावावर. खर्च चार टक्के जास्त, मंजुरीसह. सुरू झाल्यापासून एकही चूक नाही. चार वाजून वीस मिनिटांनी मी म्हटलं, "वाचा आणि पाठवा, आता एक अक्षर बदलू नका."

त्यांनी वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. घाईघाईत, सवयीने, मीच लिहून ठेवलं होतं: ‘काम थांबवण्याचा निर्णय घेण्यात आला.’

"वहिनी," ते म्हणाले, "हा मी घेतला."

आणि ती ओळ त्यांनी स्वतः बदलली.