पंखा धरून ठेवा

बेबीनंदाचा कॉम्प्युटर दहा मिनिटं चालायचा आणि बंद पडायचा. थंड झाला की पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा दहा मिनिटं. जाफराबादच्या स्टँड रोडवरच्या घरातच तिच्या नवऱ्यानं, मच्छिंद्रनं, लग्नपत्रिका आणि अर्ज छापायचं दुकान थाटलं होतं. समोरच कापसाची जिनिंग. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत पांढरी रुई उडत राहायची. मच्छिंद्र दर दोन महिन्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडून साफ करायचा. तो जाऊन अकरा महिने होऊन गेले होते. या अकरा महिन्यांत कुणी डबा उघडला नव्हता.

वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले होते. सासरे पुंजाराम म्हणाले, "बाई, त्याच्या पुण्यस्मरणाचं पत्रक त्याच्याच मशीनवर निघू दे. दुसरीकडं नको."

"बरं मामा," ती म्हणाली. वर्षभर ती अशीच 'बरं' म्हणत होती.

धाकटा दीर बद्रीनाथ टायरच्या दुकानातून हवा भरायची लांब नळी ओढत घेऊन आला. "वहिनी, एक झटका मारला की सगळा कचरा भाईर."

"नका भाऊजी," बेबीनंदा म्हणाली. तिच्या आवाजात विरोध नव्हता, नुसती माहिती होती. "आधीच्या मशीनला ह्यांनी असंच केल्तं. पंखा शिट्टीसारखा फिरला, दुसऱ्या दिवसापासून घरघरायला लागला. नळीतून पाणी बी आलं. बोर्ड गेला."

"मंग कोण करणार?"

"धुळाजींना बोलावलंय. जालन्याहून येऊन राह्यले."

बद्रीनाथनं नळी खाली टाकली. "त्याला? त्यानंच गाडी चालवली व्हती."

"माहितंय," ती म्हणाली.

धुळाजी जालन्यात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मच्छिंद्रचा तो शाळेपासूनचा दोस्त. अपघाताच्या दिवशी दोघं मोटरसायकलवर जालन्याहून सामान घेऊन येत होते, केदारखेड्याच्या पुढं अंधारात दिवा नसलेला ट्रॅक्टर उभा होता. मागं बसलेला मच्छिंद्र गेला. धुळाजीचा उजवा हात मोडला. त्यानंतर तो या घरी आला नव्हता, दहाव्यालासुद्धा.

अकराच्या बसनं तो उतरला. पाठीवर पिशवी, उजवा हात शरीराशी चिकटलेला. दारातच थांबला. बद्रीनाथ उठला आणि नळी गुंडाळत निघून गेला. पुंजाराम म्हणाले, "ये." एवढंच.

धुळाजीनं डबा पाहिला. पुढची जाळी रुईनं बुजली होती. "वहिनी, तुमची साडी नायलॉनची हाये. सुती हाये का एखादी?"

बेबीनंदा आत जाऊन सुती साडी नेसून आली. माघातली कोरडी हवा होती. येताना तिनं दाराच्या लोखंडी कडीला हात लावला आणि चटकन ठिणगी उडाली.

"चटका बसला का?"

"न्हाई." बोटाला काहीतरी झालं होतं खरं. पण ते दुसऱ्या कुणाचं बोट असल्यासारखं तिला वाटलं.

"असा चटका मानसाला तवाच कळतो, जवा तीनेक हजार व्होल्ट व्हतात," धुळाजी म्हणाला. "चिप त्याच्या कितीतरी कमीत मरती. तिला मारलं तरी आपल्याला कळत न्हाई. म्हणून आधी डब्याचं उघडं लोखंड शिवायचं. मधून मधून परत शिवायचं."

तिनं स्विच बंद केला, मागची वायर काढली, बाकीच्या केबलीही काढल्या. धुळाजीनं सांगितल्यावर चालू करायचं बटण एकदा दाबून ठेवलं, आत राहिलेली थोडी वीज निघून जावी म्हणून. मग डबा ओसरीवर, लाकडी टेबलावर आणून ठेवला. खाली चादर अंथरायला ती गेली, तर चादरही तशीच ठिणगी धरते म्हणून त्यानं ती बाजूला करायला लावली.

बाजूचे स्क्रू तिनंच काढले. आत मच्छिंद्रचं मशीन ओळखू येत नव्हतं. सगळं एका करड्या लोकरीखाली गेलं होतं. धुळाजीनं पिशवीतून वायर लावलेला पट्टा काढला, अंगातली वीज डब्यात उतरवणारा. तो त्यानं तिच्या डाव्या मनगटाला बांधायला घेतला, पण एका हातानं जमेना. पुंजारामांनी येऊन बांधला. वायरीचा चिमटा डब्याच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावला.

पिशवीतून हवेचा डबा निघाला, फवाऱ्यासारखा, बारीक लाल नळी लावलेला. धुळाजीनं तो डाव्या हातात उभा धरला. "आडवा धरला की आतलं गार पाणी भाईर येतं. उभाच धरायचा, थोडी थोडी हवा सोडायची, चार बोटं लांबून." मग तो थांबला. त्यानं उजवा हात पंख्याकडं नेला. बोटं अर्धी मिटली आणि तिथंच थिजली.

"एका हातानं व्हत न्हाई हे," तो म्हणाला. "एकानं पंखा धरायला पायजे. हवेनं तो फिरू द्यायचा न्हाई. बेअरिंग जातं, आन् फिरता पंखा उलटी वीज बोर्डात ढकलतो."

"धरते की," बेबीनंदा म्हणाली.

तिनं डब्याचं लोखंड शिवलं आणि पंख्याच्या एका पात्यावर बोट टेकवलं. पातं कचऱ्यानं जाड झालं होतं. धुळाजीनं हवा सोडली. करडा ढग उठला, तिनं दुसऱ्या हातानं नाकावर पदर घेतला. हवा गार होती, बोटाच्या टोकाला बर्फासारखी लागली. पातं सरकायला बघत होतं. तिनं ते दाबून ठेवलं.

पंखा साफ झाला, तरी पात्यांखाली अंधार होता. धुळाजीनं पंख्याचे चार स्क्रू काढायला लावले. तिनं तो अलगद उचलला, वायर तशीच ठेवली. खाली चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर रुईची एक अखंड गादीच बसली होती.

"हे बघा. हवा जायला जागाच न्हाई. म्हणून गरम व्हऊन बंद पडत व्हता."

चिमट्यानं तिनं ती गादी काढली. एका तुकड्यात निघाली. लहान पुरीएवढी.

मागच्या पंख्यालाही तसंच. वीज येते तो बंद डबा उघडायचा नाही, असं त्यानं बजावलं. तिनं जाळीतून बारीक लाकडी काडी घालून त्याचा पंखा अडवला, धुळाजीनं बाहेरूनच हवा मारली. हवेचा डबा गार होऊन जोर कमी झाला, तसं तो परत कोमट होईपर्यंत दोघं थांबले. त्या थांबण्यात तो म्हणाला, "गाडी मी चालवत व्हतो, वहिनी."

"हो."

"मी यायला पायजे व्हतं."

बेबीनंदानं काहीतरी म्हणावं म्हणून पुंजाराम तिच्याकडं बघत होते. तिला राग शोधूनही सापडला नाही. माफीही नाही. "झाला का गरम परत डबा?" तिनं विचारलं.

धुळाजीनं डबा तळव्यात चाचपला. "झाला."

पुढच्या जाळीमागचा शेवटचा पंखा तिनं धरला, त्यानं जाळीसकट फुंकला. मग तिनं काढलेला पंखा बसवून स्क्रू लावले, केबली जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला, आवाज न करता. दोघं अर्धा तास समोर बसून राहिले. कॉम्प्युटर बंद पडला नाही. पुंजारामांनी धुळाजीपुढं चहा ठेवला.

बेबीनंदानं पत्रक टाइप केलं. नाव, गाव, तारीख. बोटं आपली आपण बटणं दाबत होती. खाली निमंत्रकांची नावं आली: पुंजाराम, बद्रीनाथ, समस्त परिवार.

"मित्रमंडळ बी टाकतात," पुंजाराम म्हणाले. "धुळाजीचं टाक."

"मामा, भाऊजींना...?"

"त्याला मी सांगतो."

तिनं नाव टाइप केलं. धुळाजी उठून बाहेर गेला, अंगणात पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. ती खिडकीतून बघत होती. आपल्यालाही असं व्हायला हवं, एवढं तिला कळत होतं.

चारच्या बसला तो निघाला. तिनं दारापर्यंत येऊन विचारलं, "उन्हाळ्याआधी रुई परत भरंल. तवा याल का?"

"येईन."

"पंखा मी धरते," ती म्हणाली, आणि आत येऊन पत्रकाच्या दोनशे प्रती छापायला लावल्या.