शिल्लक बघायची यादी

“बाबांना विचारून दाखव, सगळ्यांना तुमच्याच दुकानात कनेक्शन प्रॉब्लेम का येतो?”

पैज वर्गातल्या चष्मिषने लावली आणि बाकीच्या दोघी मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. मीही हसले. माझ्या बाबांचं रिचार्जचं दुकान, रोज शाळा सुटली की गल्ल्यावर मी! मला विचारायची कसली भीती?

झालं असं की मधल्या सुट्टीत मी शायनिंग मारत होते. “इंटरनेट नसलं तरी शिल्लक कळते गं. नुसती रेंज हवी. स्टार, आकडे, हॅश, कॉलचं बटण, बस्स!” चष्मिषच्या फोनात नारिंगी सिम होतं. त्यावर मी नारिंगीचा तोंडपाठ कोड लावला. पडद्यावर आलं: कनेक्शन प्रॉब्लेम किंवा चुकीचा कोड.

“रेंज नसेल,” मी म्हटलं. “आमच्या दुकानात तर सगळ्यांना हाच प्रॉब्लेम येतो.”

“चार कांड्या दिसतायत की! अगं शहाणे, हा हिरव्या सिमचा कोड आहे. प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.” तिने दुसरा लावला. क्षणात शिल्लक, उरलेला डेटा, मुदत, खाली दोन ऑफर, सगळं हजर.

माझा चेहरा पडला. मग वाटलं, अरे, बाबांची चूक झाली असणार! गल्ल्याच्या काचेखाली त्यांच्या हाताने लिहिलेली यादी आहे, त्यावरूनच मी पाठ केलंय. दुकानात गेल्या गेल्या मी हिरव्या-नारिंगीचे कोड अदलाबदल करून लिहिले. लाल पेनने, शेजारी एक हसरा चेहरा काढून. बाबा खूश होतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, काचेखाली नवा कागद होता. कोड पुन्हा उलटे.

हसरा चेहरा नव्हता.

तेवढ्यात इस्त्रीवाली मावशी आली. तिचंही नारिंगी सिम. दर रविवारी ती परगावच्या लेकीशी व्हिडिओवर बोलते, आणि दर रविवारी आधी आमच्याकडे येऊन विचारते, “डेटा उरलाय का गं?” मी कोड लावायचे, तो संदेश यायचा आणि त्यातलं पहिलंच अर्धं मी वाचून दाखवायचे. बाबांनी तसंच शिकवलं होतं. “मावशी, कनेक्शन प्रॉब्लेम. काही कळत नाही.” मग बाबा मागून म्हणायचे, “कशाला जोखीम घेता? एक दिवसाचा पॅक मारतो.” रात्री बाराला तो पॅक संपायचा. आमचं कमिशन मात्र राहायचं.

आज मावशी म्हणाली, “आता फोन विकूनच टाकते बाई. लेकीला सांगितलंय, यापुढे पत्र लिही. वाचून द्यायला तू आहेसच.”

मी खरा कोड लावला. पहिल्यांदा तोच संदेश आला. संध्याकाळी नेटवर्कवर गर्दी झाली की बरोबर कोडही अडतो. पायरीवर जाऊन पुन्हा लावला. आलं. महिन्याच्या पॅकचे अजून नऊ दिवस होते, डेटा जवळपास सगळा शिल्लक.

मी तो आकडा मोठ्याने वाचला. मावशी हसली. “म्हणजे आज लागलं वाटतं कनेक्शन! गुणाची पोर.”

ती मला गुणाची म्हणाली. त्यापेक्षा एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

घरी ताटं वाढल्यावर मी पैज पूर्ण केली. “बाबा, सगळ्यांना आपल्याच दुकानात कनेक्शन प्रॉब्लेम का येतो?”

बाबांचा घास थांबला. “नेटवर्क आपल्या हातात असतं का?”

“यादी असते.”

आई म्हणाली, “जेव गुपचूप. मोठ्यांच्या धंद्यात नाक खुपसू नये.” म्हणजे आईला माहीत होतं.

“मी कुणाच्या खिशात हात घातला का?” बाबांचा आवाज चढला. “पॅक मागतात, मी देतो. ज्यांना वाचता येतं ते आपलं आपण बघतात.”

“आणि ज्यांना येत नाही, त्यांना मी वाचून दाखवते. अर्धंच.”

“तुझ्या हातातला तो फोन कुठून आला गं?”

फोन ताटाशेजारीच होता, वाढदिवसाचा, गुलाबी कव्हरचा. कितव्या रविवारच्या कमिशनमधून घेतला असेल, कोण जाणे.

मी हात धुतले, वहीच्या पानावर दोन्ही कंपन्यांचे कोड ठळक लिहिले आणि ते पान दोघांच्या मधोमध ठेवलं.

“उद्यापासून मी गल्ल्यावर बसणार नाही. दुकानाबाहेरच्या पायरीवर बसणार, हे पान भिंतीला चिकटवून. ज्याला बघायचीय त्याला शिल्लक बघून देणार आणि संदेश पूर्ण वाचणार. आणि आई, सगळ्यात आधी मावशीकडे जाणार. तिला सांगणार, की इतके रविवार कोड चुकीचा होता आणि तो मी लावत होते.”