घाई नाही

धाऊ ठाकराची झोपडी वैशाखात जळाली. नवीला जंगलातलं लाकूड हवं, म्हणून कर्जतच्या कचेरीबाहेर मीच त्याला परवानगीचा अर्ज लिहून दिला. आठ दिवस उत्तर नाही.

"नाना, पाऊस डोक्यावर आलाय, तसं लिवा," धाऊ म्हणाला.

मी त्यालाच झापलं. वीस वर्षं अर्ज लिहितोय, साहेबाशी कसं बोलावं हे मला शिकवतोस? आणि लिहिलं: "पूर्वीचा अर्ज हुजुरांच्या नजरेस आला असेलच. घाई मुळीच नाही. सवडीने कृपादृष्टी व्हावी."

तिसऱ्या दिवशी शेरा आला: "अर्जदारास घाई नाही. दिवाळीनंतर पाहावे."

धाऊला वाचता येत नव्हतं. "सायबानं काय लिवलंय, नाना?"

मी शेऱ्यातलं माझंच वाक्य त्याला वाचून दाखवलं: "घाई नाही."