सात नंबरचं बेसिन

बालाघाटच्या बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये हिरालाल मॅनेजर होता. सात नंबरच्या खोलीत उतरलेला ठेकेदार गेल्यावर तिथं बेसिन फुटलेलं आणि चादरीवर दारूचा डाग सापडला, तेव्हा मालक बंडोपंत म्हणाले, "ठेकेदाराले काही लिहू नको. दर महिन्याले चार खोल्या घेते तो. रुख्माबाईच्या पगारातून काप."

रुख्माबाई खोल्या झाडायची. हिरालालला ते पटलं नाही. त्यानं त्याच दुपारी ठेकेदाराला पत्र लिहिलं: "आपण खोली घेताना बेसिन शाबूत होते, तशी आपली सही आमच्याकडे आहे. नव्या बेसिनचे आठशे रुपये कृपया पाठवावेत, दुकानाचे बिल सोबत आहे. चादरीचा डाग धुऊन निघाला, त्याचे काही लावलेले नाही."

चौथ्या दिवशी ठेकेदार स्वतःच आला. पत्र काउंटरवर आपटून ओरडला, "तुमच्या बाईनंच फोडलं असंल!"

रुख्माबाई जिन्यातच थबकली. बंडोपंतांनी मान खाली घातली.

हिरालालनं ठेकेदाराची सही असलेली खोलीच्या सामानाची यादी पुढे सरकवली. "साहेब, तुमी किल्ली वापस देल्यावर मी आन् बाई सोबतच खोलीत गेलतो. तवाच फुटलेलं होतं."

ठेकेदारानं आपली सही पाहिली. मग त्यानं नोटा टाकल्या. "आता इथं पाय ठेवणार नाही."

"तुमची मर्जी, साहेब. पावती घेऊन जा."

तो गेल्यावर बंडोपंत चिडून म्हणाले, "चार खोल्या गेल्या."

"हौ," हिरालाल म्हणाला. "पर बाईचा पगार पुरा द्या."

बंडोपंतांनी तो दिला.